टक्का कशाचा? कर्जत-खालापूरच्या सौद्यातील दलालीची वाटणी

कापडबाजारात किंवा धान्यबाजारात दलाली हा शब्द आपल्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. माल कोणाचा, आडत कोणाची, दलाली किती आणि ती कोणत्या दिवशी मिळणार, हे तेथे बोलीवरच पक्के असते, कारण तीच माणसे दर आठवड्याला एकमेकांसमोर येतात. जमिनीच्या व बंगल्यांच्या दलालीत मात्र हा नित्याचा सहवास नसतो. दोन दलाल एका सौद्यापुरते एकत्र येतात आणि पुन्हा कदाचित कधीच भेटत नाहीत. आपल्यातील अनेक घरांतील तरुण मंडळी आता या व्यवसायात उतरली आहेत. काहींनी स्वतःची पेढी काढली आहे, काही दुसऱ्याच्या पेढीखाली टक्केवारीवर काम करतात. सौदा पार पडल्यावर त्यांच्यात जो कटुपणा येतो, तो बहुधा दलाली बुडाल्यामुळे नसतो. दलाली आलेली असते, वाटणीचा टक्काही सर्वांना मान्य असतो, पण तो टक्का कोणत्या रकमेवर धरायचा हे कोणी ठरवलेले नसते. या लेखाचा विषय एवढाच आहे.

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या अंतर्भागातील दोन तालुक्यांत हा प्रश्न वारंवार उद्भवण्याचे कारण तेथील बाजाराच्या रचनेत आहे. विकणारा स्थानिक असतो, विकत घेणारा मुंबईचा, ठाण्याचा किंवा पुण्याचा. कर्जतला मुंबईची लोकल पोचते, खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्यामुळे शनिवार-रविवारच्या घरासाठी, शेतघरासाठी किंवा बिनशेती भूखंडासाठी शहरातील गिऱ्हाईक या भागाकडे पाहते. परंतु शहरातील दलालाला तेथील गट नंबर, वहिवाटीचा रस्ता, सातबाऱ्यावरील नावे आणि विकणाऱ्याच्या घरातील मतभेद ठाऊक नसतात. ही माहिती कर्जत, नेरळ, चौक किंवा खोपोली येथे बसलेल्या स्थानिक एजंटाकडे असते. उलट त्या एजंटाकडे पैसे मोजणारे गिऱ्हाईक नसते. म्हणून दोघांना एकमेकांची गरज लागते आणि एकाच सौद्यात दोन एजंट, शिवाय त्यातील एक किंवा दोघेही एखाद्या पेढीचे, अशी साखळी तयार होते. कधी गावातील तिसरा मध्यस्थही या साखळीत असतो.

अशा सौद्यात वाटणी दोन पायऱ्यांवर होते. पहिली पायरी दोन बाजूंच्या एजंटांमध्ये, दुसरी पायरी प्रत्येक एजंट आणि त्याची पेढी यांच्यामध्ये. या दोन पायऱ्यांची गल्लत झाली की हिशेब बिघडतो.

पहिल्या पायरीच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत ज्याचे गिऱ्हाईक त्याची दलाली. खरेदीदाराकडून येईल ते खरेदीदाराच्या एजंटाचे आणि विक्रेत्याकडून येईल ते विक्रेत्याच्या एजंटाचे. बाजारात याला ‘साइड बाय साइड’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत दोन्हीकडची दलाली एकत्र करून निम्मी-निम्मी वाटतात. दोन्ही बाजूंनी सारखीच दलाली मिळाली तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते आणि म्हणूनच सुरुवातीला कोणी या फरकाकडे लक्ष देत नाही. फरक दिसतो तो एक बाजू घासाघीस करून दलाली कमी देते तेव्हा.

एक काल्पनिक, पण या भागात सहज घडू शकेल असे उदाहरण घेऊ. कर्जत तालुक्यातील एका जुन्या योजनेतील बिनशेती भूखंड त्याचा मालक ८० लाख रुपयांना विकतो. खरेदीदार दादरच्या एका पेढीच्या एजंटाने आणला, भूखंड कर्जतच्या स्थानिक एजंटाने दाखवला. ठरलेली दलाली दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के, म्हणजे प्रत्येकी १,६०,००० रुपये. खरेदीदाराने ठरल्याप्रमाणे १,६०,००० दिले. विक्रेत्याने मात्र शेवटच्या दिवशी हात आखडता घेतला आणि एकच टक्का, म्हणजे ८०,००० रुपये दिले. आता दोन्हीकडची मिळून दलाली झाली २,४०,०००.

आपापल्या बाजूची रीत धरली तर दादरच्या पेढीला १,६०,००० आणि कर्जतच्या एजंटाला ८०,०००. निम्मी-निम्मी रीत धरली तर दोघांना प्रत्येकी १,२०,०००, म्हणजे दादरच्या पेढीने कर्जतच्या एजंटाला ४०,००० रुपये द्यावयाचे. कर्जतचा एजंट म्हणणार की ‘आपण अर्धे-अर्धे म्हणालो होतो’. दादरची पेढी म्हणणार की ‘अर्धे म्हणजे आपापली बाजू, आणि विक्रेत्याकडून पूर्ण दलाली वसूल करणे हे तुमचे काम होते’. दोघेही खोटे बोलत नसतात. ‘अर्धे’ या एका शब्दाचे दोघांच्या मनातले अर्थ निराळे होते, आणि त्या दोन अर्थांमध्ये ४०,००० रुपयांचे अंतर होते.

समजा, दोघांनी समजुतीने निम्मी-निम्मी रीत मान्य केली आणि ४०,००० रुपये कर्जतला गेले. येथे दुसरी पायरी सुरू होते. दादरच्या पेढीत खरेदीदार आणणारा जो एजंट आहे, त्याचा पेढीशी ‘साठ-चाळीस’ असा ठराव आहे, साठ टक्के त्याचे आणि चाळीस पेढीचे. कार्यालय, नाव, जाहिरात, हिशेबनीस हे सर्व पेढी पुरवते, म्हणून तिचा चाळीस टक्क्यांचा हक्क रास्त आहे. पण साठ टक्के कशाचे?

एजंट मनात हिशेब करतो तो त्याच्या गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेवर. १,६०,००० चे साठ टक्के म्हणजे ९६,०००. पेढीचा मालक प्रथम कर्जतचा वाटा वजा करतो आणि उरलेल्या १,२०,००० वर साठ टक्के धरतो, म्हणजे ७२,०००. पेढीचा हिशेबनीस आणखी एक पायरी पुढे जातो. या भूखंडाच्या जाहिरातीवर आणि गिऱ्हाइकाला चार वेळा कर्जतला नेण्या-आणण्यावर १०,००० रुपये खर्च झाले होते. ते आधी वजा करून तो १,१०,००० वर साठ टक्के काढतो, म्हणजे ६६,०००. सौदा एकच, ठराव एकच, तरी एजंटाच्या हाती ९६,०००, ७२,००० किंवा ६६,००० अशी तीन निराळी उत्तरे येतात.

यांपैकी पहिले उत्तर टिकण्यासारखे नाही, हे पेढीच्या बाजूने आकडे मांडले की लगेच कळते. १,६०,००० मधून ४०,००० कर्जतला आणि ९६,००० एजंटाला दिले तर पेढीकडे २४,००० उरतात. त्यातून १०,००० खर्च गेला की १४,०००. म्हणजे दुसऱ्या एजंटाला दिलेल्या वाट्याचा संपूर्ण भार पेढीने एकटीने सोसला, एजंटाने काहीच नाही. सौदा वाटून घेतल्यामुळे जो भाग कमी झाला, तो दोघांच्याही डोक्यावर त्यांच्या प्रमाणात पडला पाहिजे. म्हणून बाहेरच्या एजंटाचा वाटा आधी आणि घरातील वाटणी नंतर, हा क्रम न्याय्य आहे आणि सुव्यवस्थित पेढ्या तोच पाळतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांमध्ये मात्र न्याय-अन्यायाचा निवाडा आधीच करता येत नाही. खर्च वाटणीपूर्वी वजा करायचा की पेढीने आपल्या चाळीस टक्क्यांतून सोसायचा, हा ठरावाचा भाग आहे. पेढी चाळीस टक्के घेते ती हे खर्च भागवण्यासाठीच, असे एजंट म्हणू शकतो. जाहिरात पेढीच्या नावाने चालते आणि तिचा लाभ पुढील सौद्यांनाही होतो, हाही मुद्दा त्याच्या बाजूचा आहे. याउलट एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी केलेला गाडीखर्च त्याच सौद्यावर टाकावा, हे पेढीचे म्हणणेही गैर नाही. म्हणून कोणते खर्च आधी वजा होतील हे ठरावात नावानिशी लिहावे, आणि त्यांना कमाल मर्यादा घालावी. अन्यथा प्रत्येक सौद्यानंतर खर्चाची यादी लांबत जाते आणि एजंटाला ती तपासण्याचे साधन नसते.

आता करांकडे वळू. दलालीच्या सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एजंटाला महाराष्ट्रात सामान्यतः जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपल्या उदाहरणात दादरची पेढी नोंदणीकृत आहे, कर्जतचा एजंट नाही. पेढीने खरेदीदाराला १,६०,००० अधिक २८,८०० जीएसटी, असे १,८८,८०० चे बिल द्यावयाचे. त्यातील २८,८०० सरकारचे आहेत. ते वाटणीत कधीही धरायचे नाहीत. कर्जतच्या एजंटाने ४०,००० चे साधे बिल पेढीला द्यावे, त्यावर जीएसटी लावू नये. तो नोंदणीकृत असता तर त्याने ४०,००० वर ७,२०० जीएसटी लावला असता आणि पेढीने आपल्या २८,८०० मधून ७,२०० ची वजावट घेऊन उरलेले २१,६०० भरले असते. दोन्ही प्रकारांत वाटणीचे आकडे तेच राहतात.

गोंधळ होतो तो खरेदीदाराने ‘सर्व मिळून एक लाख साठ हजार’ असे म्हटले की. तेव्हा जीएसटी या रकमेच्या पोटात जातो. १,६०,००० ला १.१८ ने भागले असता खरी दलाली १,३५,५९३ रुपये निघते आणि २४,४०७ कर असतो. कर्जतच्या एजंटाला हे ठाऊक नसेल तर तो आपला हिस्सा १,६०,००० धरूनच मागणार. या २४,४०७ रुपयांचा भार दोन्ही एजंटांवर टाकायचा की ज्याने करासह रक्कम मान्य केली त्याच्यावर, हेही आधीच बोलून घ्यावे लागते. माझ्या मते, ज्याने गिऱ्हाइकाशी तशी बोली केली त्यानेच तो भार उचलणे रास्त आहे, कारण दुसऱ्याला त्या बोलीत मत देण्याची संधीच नव्हती.

दलालीवरील आयकराची कपात, म्हणजे टीडीएस, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या दलालीला ती लागू नाही. पेढीला कपात करणे बंधनकारक असेल तर ती कर्जतच्या ४०,००० मधून ८०० रुपये कापेल. आपल्या एजंटाच्या ७२,००० मधून १,४४० कापून ७०,५६० त्याच्या खात्यात जमा करेल. हे पैसे बुडालेले नसतात, ते त्याच्या नावावर सरकारजमा असतात आणि विवरणपत्रात मिळतात. तरी ‘मला पैसे कमी दिले’ ही तक्रार यातूनच पुष्कळदा निघते. म्हणून पेढीने प्रत्येक सौद्यानंतर एका पानाचा हिशेब द्यावा. त्यात आलेली दलाली, बाहेरचा वाटा, वजा खर्च, उरलेली रक्कम, टक्का, करकपात आणि हाती रक्कम या ओळी याच क्रमाने असाव्यात. बँकेत असताना कर्जप्रकरणांतील जमाखर्च पाहताना एक गोष्ट सतत जाणवत असे. ज्या व्यवसायात रकमा धनादेशाने किंवा बँकेमार्फत आणि बिलासह फिरतात, तेथे भागीदारांचे वाद कमी रेंगाळतात, कारण वाद घालण्यासाठी लागणारी संदिग्धताच उरत नाही.

पैसे कोणाकडे मागायचे, हा पुढचा प्रश्न. कर्जतच्या एजंटाला त्याचे ४०,००० मिळाले नाहीत तर तो खरेदीदाराच्या दारात जाऊ शकतो का? भारतीय करार कायदा, १८७२ यातील १९१ व १९२ ही कलमे उप-एजंटाविषयी आहेत. मूळ एजंटाने नेमलेला आणि त्याच्या नियंत्रणाखाली काम करणारा तो उप-एजंट. तो मूळ एजंटाला उत्तरदायी असतो. कर्जतच्या एजंटाला खरेदीदाराने नेमलेलेच नव्हते, त्याचा निम्म्या वाट्याचा ठराव दादरच्या पेढीशी होता, म्हणून त्याची मागणीही पेढीकडेच. त्याचप्रमाणे दादरच्या एजंटाची मागणी त्याच्या पेढीकडे, कारण बिल पेढीचे आहे. अमेरिकेत सेल्स-एजंटाला आपली दलाली आपल्या परवानाधारक ब्रोकरमार्फतच घ्यावी लागते, गिऱ्हाइकाकडून परस्पर घेता येत नाही. आपल्याकडे असे सर्वंकष बंधन नसल्यामुळे हे काम पेढी आणि एजंट यांच्यातील लेखी ठरावालाच करावे लागते.

दलाली कधी देय होते याविषयी त्याच कायद्याचे २१९ वे कलम सांगते की विशेष करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. मग ‘काम’ म्हणजे काय? गिऱ्हाईक आणणे, विसार घेणे, साठेखत, की खरेदीखताची नोंदणी? कर्जत-खालापूरमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. शेतजमिनीचा सौदा विसारानंतरही मोडू शकतो, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. खरेदीदार शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुळाला मिळालेली जमीन असेल तर ४३ व्या कलमाची परवानगी लागू शकते. आदिवासींच्या जमिनीवर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांचे निर्बंध आहेत. यांतील बऱ्याच गोष्टींची चाहूल सातबाऱ्यावरील भोगवटादाराच्या वर्गावरून आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातून लागते, पण तो रकाना विसार देऊन झाल्यावर वाचला जातो.

म्हणून दलाली दोन हप्त्यांत घेण्याची रीत सोयीची आहे. निम्मी साठेखताच्या दिवशी, निम्मी खरेदीखताच्या दिवशी. मात्र बाहेरच्या एजंटाचा आणि घरच्या एजंटाचा वाटाही त्याच हप्त्यांत, त्याच प्रमाणात गेला पाहिजे. आपल्या उदाहरणात पेढीच्या हाती साठेखताच्या दिवशी खरेदीदाराचे ८०,००० आले असताना तिने उत्साहाने एजंटाला पूर्ण ७२,००० दिले आणि पुढे खरेदीखत झालेच नाही, तर खरेदीदार आपले पैसे पेढीकडे परत मागतो आणि पेढी एजंटाच्या मागे लागते. दलाली परत करावी लागली तर तिघांनीही आपल्या वाट्याच्या प्रमाणात परत करायची, हे एक वाक्य आधी लिहिलेले असेल तर हा प्रसंग हिशेबाचाच राहतो, भांडणाचा होत नाही.

विकसकाच्या नव्या प्रकल्पातील भूखंड किंवा सदनिका असेल तर एक वेगळी अट येते. रेरा कायद्याच्या ९ व्या कलमानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील मालमत्ता विकसकाकडून विकली जात असताना त्यात मध्यस्थी करणाऱ्या एजंटाची स्वतःची रेरा नोंदणी असावी लागते. शेतजमिनीचा किंवा खासगी मालकाच्या पुनर्विक्रीचा सौदा या कलमात येत नाही. आपल्या उदाहरणातील कर्जतचा एजंट म्हणूनच तेथे चालला. पण तोच एजंट नव्या प्रकल्पात गिऱ्हाईक फिरवणार असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक आधी पाहावा. कलम ६२ मधील दंड दिवसाला १०,००० रुपये असून तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दोन टक्क्यांच्या दलालीतील निम्म्या वाट्यासाठी ही जोखीम परवडणारी नाही. रेराने दलालीचा दर किंवा वाटणीचे प्रमाण ठरवून दिलेले नाही, ते दोघांच्या ठरावावरच सोडलेले आहे.

हा ठराव कधी लिहायचा, यालाही महत्त्व आहे. या भागातील स्थानिक एजंट गट नंबर सहसा आधी सांगत नाही, कारण गट नंबर कळला की सातबारा कोणालाही पाहता येतो आणि गिऱ्हाईक थेट मालकाकडे पोचते. शहरातील एजंटही गिऱ्हाइकाचे नाव लपवतो, कारण नाव कळले की स्थानिक एजंट परस्पर फोन करू शकतो. दोघांच्या या भीतीवर उपाय एकच आहे. जागा दाखवण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी एकमेकांना एक संदेश पाठवावा आणि उत्तरात ‘मान्य’ असे घ्यावे. त्यात गिऱ्हाइकाचे नाव व गावाचे नाव, वाटणीची रीत ‘आपापली बाजू’ की ‘दोन्हीकडची एकत्र करून निम्मी’, एखाद्या बाजूने कमी दलाली दिल्यास तोटा कोणाचा, रक्कम जीएसटी धरून की वगळून, पैसे कोणत्या टप्प्यावर देय, आणि गिऱ्हाईक किती महिन्यांच्या आत थेट मालकाकडे गेले तरी वाटा लागू राहील, एवढ्या सहा गोष्टी असाव्यात. गट नंबर त्या ‘मान्य’नंतर द्यावा.

पेढी आणि तिच्या एजंटामधील ठराव वर्षातून एकदाच लिहिला तरी पुरतो. त्यात ‘साठ-चाळीस’ एवढेच लिहू नये. ‘दुसऱ्या एजंटाचा वाटा वजा जाता, जीएसटी वगळून उरणाऱ्या दलालीचे साठ टक्के’ असे पूर्ण वाक्य लिहावे. आपल्या उदाहरणातील एजंटाला ९६,००० ची आशा असते आणि हाती ७०,५६० येतात, तेव्हा त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. वर्षारंभीच हे वाक्य त्याच्या हाती असते, तर ७२,००० हा आकडा त्याने साठेखताच्या दिवशी स्वतःच मांडला असता आणि १,४४० रुपयांच्या करकपातीची नोंद आपल्या वहीत केली असती.